कॅशलेस नाकारलं, मग आता किती भरायचं? घरच्यांना द्यायचं पत्र कसं लिहावं

बेळगावातल्या एका खासगी रुग्णालयात मी काही वर्षं विम्याच्या खिडकीवर, म्हणजे टीपीए डेस्कवर, काम करते. टीपीए म्हणजे विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्यामध्ये बसून कागद तपासणारी संस्था. आमच्याकडे खानापूर, चंदगड, निपाणी, हुक्केरी अशा चारी बाजूंनी पेशंट येतात. छापील बिल इंग्रजीत असतं, भिंतीवरच्या पाट्या कन्नडमध्ये असतात आणि समोर उभा असलेला मुलगा मराठीत विचारत असतो, "मॅडम, काल तर मंजूर झालं म्हणालात, आज नाही कसं म्हणता?" या प्रश्नाला लेखी उत्तर द्यावं लागतं. ते पत्र घाईत लिहिलं की भांडण होतं. नीट लिहिलं की बऱ्याचदा पत्र लिहितानाच बिलातली चूकही सापडते. दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली, म्हणून एक उदाहरण घेऊन ती सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून उदाहरणातले काही तपशील आणि आकडे बदलले आहेत.

खानापूर तालुक्यातले एक आप्पा, वय एकसष्ट, छातीत दुखतंय म्हणून ९ जुलैला रात्री दाखल झाले. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला, अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट बसवला. दोन दिवस आयसीयू, तीन दिवस खोली. पॉलिसी तीन वर्षं चार महिने जुनी होती. दाखल होतानाच आम्ही कंपनीकडे प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीची मंजुरी, मागितली आणि सुरुवातीची ६०,००० रुपयांची मंजुरी आली. घरच्यांनी २५,००० ॲडव्हान्स भरला आणि ते निर्धास्त झाले. १४ तारखेला सकाळी दहा चाळीसला अंतिम बिल कंपनीकडे गेलं. सव्वाबाराला क्वेरी आली, म्हणजे कंपनीने आणखी माहिती मागितली. पंधरा-वीस मिनिटांत आम्ही उत्तर दिलं. दुपारी तीन वीसला ईमेल आला की कॅशलेस नामंजूर, आणि आधीची ६०,००० ची मंजुरीही मागे घेतली आहे.

कारण केस पेपरवरच्या एका ओळीत होतं. रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, बीपी आहे का, कधीपासून. आप्पांच्या भावाने सांगितलं, "लई वर्षं झाली ओ." डॉक्टर बाहेरगावचे, मराठी जेमतेम. त्यांनी इंग्रजीत लिहून टाकलं, बीपी दहा वर्षांपासून. पॉलिसी तीन वर्षांची आणि बीपी दहा वर्षांचं, म्हणजे पॉलिसी घेताना आजार सांगितला नाही, असा कंपनीचा संशय. प्रत्यक्षात आप्पांची बीपीची गोळी दोन वर्षांपूर्वी सुरू झाली होती आणि गावच्या डॉक्टरांची तेव्हाची चिठ्ठी घरी होती.

आता बिलिंगवरून तयार होऊन आलेलं पत्र बघा.

"आपणांस कळविण्यात येते की, पूर्वीचा आजार लपविल्याने आपल्या रुग्णाचा क्लेम विमा कंपनीने नामंजूर केलेला असून आपणांकडून रु. १,६३,४०० येणे बाकी आहे. सदर रक्कम त्वरित भरणा करून सहकार्य करावे. याबाबत रुग्णालयाची कोणतीही जबाबदारी राहणार नाही."

व्याकरणाची एकही चूक नाही. तरी हे पत्र मी हातात देऊ शकले नाही.

पहिली अडचण "क्लेम नामंजूर" या शब्दांत आहे. कंपनीने क्लेम नाकारलेला नव्हता, कॅशलेस नाकारलं होतं. कॅशलेस म्हणजे कंपनीने परस्पर रुग्णालयाला पैसे देणं. ते नाकारलं तरी आधी आपण बिल भरायचं आणि मग कागद पाठवून कंपनीकडून परत मागायचं, हा रस्ता उघडा राहतो. त्यालाच रिइम्बर्समेंट म्हणतात, पत्रात मी "परतावा" लिहिते. कंपनीच्या ईमेलच्या शेवटी तसं लिहिलेलंही होतं, पण ती ओळ बिलिंगने सोडून दिली. पत्रात "क्लेम नामंजूर" वाचलं की माणूस सगळं संपलं असं समजतो आणि परताव्याची मुदत जाऊ देतो. त्याचं नुकसान आपल्या एका शब्दामुळे होतं. मात्र उलट टोकालाही जायचं नाही. "नंतर पैसे परत मिळतील" असं रुग्णालयाने लिहू नये, कारण तो निर्णय आपला नाही. "परताव्यासाठी अर्ज करता येतो, निर्णय कंपनी घेईल" इतकंच लिहायचं.

दुसरी अडचण "लपविल्याने" या शब्दात. हा आरोप आहे आणि तो रुग्णालयाच्या लेटरहेडवर, रुग्णालयाच्या तोंडून झालेला आहे. कंपनीच्या ईमेलमध्ये "लपवलं" असं नव्हतंच. "पूर्वीपासूनचा आजार पॉलिसी घेताना जाहीर केला नसल्याची शक्यता नाकारता येत नाही" असं होतं. हेच वाक्य जसंच्या तसं मराठीत आणायचं आणि "कंपनीने दिलेलं कारण असं" म्हणून अवतरणात टाकायचं. आपलं मत त्यात मिसळायचं नाही. उद्या हेच पत्र घेऊन घरचे कंपनीकडे किंवा विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेले तर "रुग्णालयानेच मान्य केलंय" असं कुणी म्हणायला नको.

तिसरी गोष्ट साठ हजारांची. पत्रात तिचा उल्लेखच नव्हता आणि सगळा संशय तिथेच साठला होता. आप्पांच्या मुलाचा हिशेब असा होता की कंपनीचे ६०,००० आले, आम्ही २५,००० भरले, म्हणजे ८५,००० जमा, मग एवढी रक्कम कशी? त्याचं चुकत नव्हतं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सुरुवातीची मंजुरी म्हणजे पैसे नव्हेत. कंपनीने "इतक्यापर्यंत देऊ" असं दिलेलं ते वचन असतं, आणि अंतिम मंजुरी येईपर्यंत रुग्णालयाच्या खात्यात रुपयाही येत नाही. म्हणून पत्रात स्वच्छ लिहायचं: ही मंजुरी कंपनीने मागे घेतली आहे आणि ही रक्कम रुग्णालयाला मिळालेली नाही.

आता आकडा. १,६३,४०० कुठून आले हे पत्र सांगत नव्हतं. ते सोप्या ओळींत मांडायला घेतलं तेव्हा मलाच दोन ठिकाणी अडायला झालं.

अँजिओप्लास्टीचं शुल्क, म्हणजे ती जिथे करतात ती कॅथलॅब आणि डॉक्टर मिळून, ८५,००० लावलं होतं. पण प्री-ऑथमध्ये आम्ही कंपनीला ७२,००० लिहिले होते. एकाच ऑपरेशनला दोन दर कसे? कारण प्रत्येक विमा कंपनीशी रुग्णालयाचा ठरलेला दर असतो, आणि विमा नसलेल्या पेशंटसाठी रुग्णालयाचा स्वतःचा दर वेगळा असतो. कॅशलेस नाकारलं की बिलिंगच्या संगणकावर पेशंट "विमा" खात्यातून "स्वतः भरणार" खात्यात जातो आणि दर आपोआप बदलतो. कुणी मुद्दाम केलेलं नसतं, पण बिल १३,००० ने वाढतं. आमच्या त्या कंपनीशी झालेल्या करारात लिहिलं होतं की पेशंटने आधी पैसे भरून परतावा मागितला तरी ठरलेलाच दर लावायचा. असं कलम पुष्कळ करारांत असतं, म्हणून पत्र लिहिण्याआधी करार काढून बघावाच. नाही बघितला तर घरच्यांना दुहेरी फटका बसतो: ते ८५,००० भरतात, कंपनी परतावा देताना ७२,००० च धरते आणि मधले तेरा हजार कायमचे जातात.

दुसरी चूक लहान होती. न वापरलेली औषधं वॉर्डातून मेडिकलला परत गेली होती, २,१५० रुपयांची. ती वजावट डिस्चार्जच्या गडबडीत चढवायची राहिली होती. हे नेहमी होतं, कारण अंतिम बिल सकाळी बनतं आणि वॉर्डातल्या सिस्टर औषधं दुपारी परत पाठवतात. कॅशलेसचा निर्णय संध्याकाळकडे आला तर बिल पुन्हा काढून बघायचं, सकाळचं तसंच वापरायचं नाही.

दोन्ही दुरुस्त्या केल्यावर भरायची रक्कम १,६३,४०० वरून १,४८,२५० वर आली. पंधरा हजार एकशे पन्नासचा फरक. पत्रातली भाषा नुसती गोड करून दिली असती तर ही चूक आत तशीच राहिली असती. म्हणून माझा नियम असा की घरच्यांना स्वतः बेरीज करता येईल अशा ओळींत बिल मांडता आलं तरच पत्र झालं. नाही मांडता आलं तर अडचण भाषेत नसते, बिलात असते.

आणखी एक ओळ मी आवर्जून घालते. हातमोजे, डायपर, नोंदणी शुल्क, अशा काही वस्तू बहुतेक पॉलिसीत धरत नाहीत. या बिलात त्या ५,४०० च्या होत्या. कॅशलेस मंजूर झालं असतं तरी हे पैसे घरच्यांनाच भरावे लागले असते आणि परताव्यातही ते मिळण्याची आशा कमी. हे आधी सांगितलं की दोन महिन्यांनी परताव्याची रक्कम कमी आली म्हणून धक्का बसत नाही.

सगळं सुधारून दिलेलं पत्र असं होतं:

"आप्पांच्या उपचाराचं बिल आणि विम्याबद्दल माहिती.

१४ जुलै रोजी दुपारी ३.२० वाजता विमा कंपनीने कॅशलेस सोय नामंजूर केल्याचं कळवलं आहे. दाखल होताना दिलेली ६०,००० रुपयांची सुरुवातीची मंजुरीही कंपनीने मागे घेतली आहे. ही रक्कम रुग्णालयाला मिळालेली नाही.

कंपनीने दिलेलं कारण असं: 'पूर्वीपासूनचा आजार पॉलिसी घेताना जाहीर केला नसल्याची शक्यता नाकारता येत नाही.' कंपनीच्या ईमेलची प्रत सोबत जोडली आहे.

बिल असं आहे. खोली, ३ दिवस, रोज ३,५०० प्रमाणे: १०,५००. आयसीयू, २ दिवस, रोज ८,००० प्रमाणे: १६,०००. अँजिओप्लास्टी, कंपनीशी ठरलेल्या दराने: ७२,०००. स्टेंट, एक: ३६,०००. औषधं: २१,३००. तपासण्या: १४,२००. विम्यात सहसा न धरल्या जाणाऱ्या वस्तू: ५,४००. एकूण १,७५,४००. परत केलेल्या औषधांचे वजा २,१५०. तुम्ही भरलेला ॲडव्हान्स वजा २५,०००. आता भरायची रक्कम १,४८,२५० रुपये, अक्षरी एक लाख अठ्ठेचाळीस हजार दोनशे पन्नास. कंपनीच्या उत्तराची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेचं खोलीभाडं यात लावलेलं नाही.

ही रक्कम भरल्यानंतर तुम्ही कंपनीकडे परताव्यासाठी अर्ज करू शकता. तुमच्या पॉलिसीप्रमाणे त्याची मुदत डिस्चार्जपासून ३० दिवस, म्हणजे १३ ऑगस्टपर्यंत आहे. परतावा द्यायचा की नाही हे कंपनी ठरवेल. बीपी कधीपासून आहे याबद्दल उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र हवं असल्यास जुन्या चिठ्ठ्या घेऊन विम्याच्या खिडकीवर यावं.

एकदम रक्कम भरणं शक्य नसेल तर डिस्चार्जच्या आधी बिलिंग प्रमुखांना भेटावं."

मूळ पत्रातलं "रुग्णालयाची कोणतीही जबाबदारी राहणार नाही" हे वाक्य मी काढून टाकलं. ते खरंही नाही. केस पेपरवरची ओळ आमच्याकडेच लिहिली गेली, दर आमच्याच संगणकाने बदलला.

खोलीभाड्याच्या वाक्यामागे एक नियम आहे. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो, आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. त्यापुढे उशीर झाला आणि रुग्णालयाने त्यासाठी जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा आहे, पेशंटने नाही. इथे दहा चाळीसपासून तीन वीसपर्यंत चार तास चाळीस मिनिटं गेली. म्हणून अंतिम बिल कधी पाठवलं, क्वेरी कधी आली, उत्तर कधी दिलं, या वेळा आम्ही फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि घरच्यांनी मागितल्या तर देतो.

पत्र वाचल्यावर आप्पांच्या मुलाने जे विचारलं ते जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. "मॅडम, तो दहा वर्षांचा कागदच बदलून द्या की." मी म्हटलं, "दादा, तो कागद मला बदलता येत नाही आणि डॉक्टरांनाही नाही." केस पेपर हा वैद्यकीय नोंदीचा कागद आहे, आणि त्याची स्कॅन प्रत कंपनीकडे आधीच गेलेली असते. मागाहून फिरवलेला आकडा दिसला की संशयाचं रूपांतर फसवणुकीत होतं आणि मग खरा मुद्दाही कुणी ऐकत नाही. करता येतं ते असं: जुनी नोंद आहे तशी ठेवायची आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आजच्या तारखेने वेगळं प्रमाणपत्र द्यायचं. त्यात दाखल होतानाची माहिती कुणी सांगितली, ती अंदाजे होती का, आणि आता कोणत्या जुन्या चिठ्ठ्या पाहून बीपी कधीपासून आहे असं डॉक्टरांचं मत झालं, हे यावं. आप्पांची दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी इथे कामाला आली. चिठ्ठीच नसेल तर डॉक्टरही तारीख लिहू शकत नाहीत. तेव्हा घरच्यांना खोटी आशा लावू नये.

परतावाही नाकारला गेला तर काय, हे पत्रात लांबण लावून सांगायची गरज नसते, पण खिडकीवर सांगावं लागतं. कंपनीने नकार देताना पॉलिसीतल्या कोणत्या अटीवर बोट ठेवलं ते लेखी द्यायचं असतं. ते मागून घ्यावं. पॉलिसीला सलग पाच वर्षं झाली असतील तर आजार जाहीर केला नाही या कारणावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, क्लेम नाकारता येत नाही. आप्पांची पॉलिसी तिथवर पोचली नव्हती. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहायचं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, एक वर्षाच्या आत. आपल्या भागात यात एक गुंता आहे. खानापूर किंवा निपाणीच्या माणसासाठी लोकपालाचं कार्यालय बेंगळुरूला. पण चंदगडचा पेशंट बेळगावात उपचार घेऊन गेला, तर तो स्वतःच्या राहण्याच्या पत्त्याप्रमाणे पुण्याच्या कार्यालयात जाऊ शकतो. रुग्णालय कर्नाटकात आहे म्हणून त्याला बेंगळुरूच गाठावं लागतं असं नाही. चुकीचा पत्ता सांगितला तर त्याचे महिने वाया जातात.

पैसे भरल्यावर घरच्यांच्या हातात काय जातं यावर परताव्याचा अर्धा निकाल लागतो. सगळ्या पावत्या मूळ हव्यात, ॲडव्हान्सचीही. डिस्चार्ज समरी सही-शिक्क्याची हवी. औषधांची बिलं डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांसह हवीत. अँजिओग्राफीची सीडी हवी. आणि अँजिओप्लास्टीत सगळ्यात जास्त विसरला जाणारा कागद म्हणजे स्टेंटच्या खोक्यावरचा स्टिकर, ज्यावर स्टेंटचा नंबर असतो, आणि स्टेंटचं स्वतंत्र बिल. स्टिकर कॅथलॅबमध्येच केस पेपरवर चिकटवलेला असतो. त्याची प्रमाणित प्रत काढून दिली नाही तर ३६,००० रुपयांच्या ओळीवर कंपनीची क्वेरी येते, आणि खानापूरहून त्या एका स्टिकरसाठी पोराला पुन्हा बस धरून यावं लागतं. त्या दिवशी मी पत्राच्या मागे हे सगळे कागद लावून, वर पानांची संख्या लिहून, आप्पांच्या मुलाची पोच घेतली. एकूण तेवीस पानं होती.